तीन रोलांचं लग्न
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सूत्रसंचालक बाईंनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय 'शाळेच्या आठवणी'. पण गळकं छप्पर, पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की मिळणारी सुट्टी, पौडला जाऊन खाल्लेली भजी, हे सगळं माझ्याआधी चौघांनी सांगून टाकलं. त्यामुळे मी विषय थोडा बदलतो. मला इथे बसलेल्या एका माणसाचे आभार मानायचे आहेत. ते तीस वर्षं राहून गेलेत. त्याचं नाव मी घेणार नाही. सकाळी चहाच्या वेळीच त्याने मला दम दिलाय की नाव घेतलंस तर उठून जाईन. तुम्ही ओळखालच. आत्ता तिसऱ्या रांगेत मान खाली घालून जो चष्मा पुसतोय, तो.

विज्ञानाचे सर समोर बसलेत म्हणून एक गोष्ट शाळेची सांगतोच. सरांनी आपल्याला सूचिछिद्र प्रतिमाग्राहक करून आणायला सांगितला होता. आपल्यापैकी बहुतेकांनी खोक्याला भोक पाडलं, कागद चिकटवला आणि गुण घेतले. हा पठ्ठ्या मात्र बुटांच्या खोक्याला आतून काजळी फासून आला होता, आणि कागदाला गोडेतेल लावून तो अर्धपारदर्शक करून आला होता. त्याने आम्हाला एकेकाला अंगावर घोंगडी घेऊन आत बघायला लावलं. आत झेंड्याचा खांब उलटा लोंबत होता. सर म्हणाले, "काजळी का लावलीस?" तर हा म्हणाला, "आत इकडून तिकडून उजेड उडत होता, सर." सरांना आठवत असेल किंवा नसेल, मला मात्र पुढे ते फार आठवलं.

दहावीनंतर हा पुण्यात एका स्टुडिओत कामाला लागला. आधी झाडलोट, मग पासपोर्ट फोटोंच्या कडा कापणं, मग लग्नाच्या ऑर्डरीला मालकाच्या मागे दिवा धरून उभं राहणं. मे 1994 मध्ये आमच्या ताईचं लग्न ठरलं, घरासमोरच्या अंगणातच, मांडव घालून. वडिलांनी खर्चाचा कागद केला त्यात वाजंत्री होती, आचारी होता, फोटो नव्हते. कुणाला ते खटकलंही नाही. आमच्या आईवडिलांच्या लग्नाचा एकही फोटो नाही आणि त्यावाचून काही अडलं नव्हतं. हा पत्रिका घ्यायला आला, कागद बघितला आणि म्हणाला, "फोटो माझ्याकडून आहेर." मी म्हटलं, रोलचे पैसे तरी घे. तो म्हणाला, "आहेराचे पैसे घेतात का रे?"

तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता. त्याने मालकाकडून पेन्टॅक्स के-1000 मागून आणला, दोन दिवसांची बिनपगारी रजा टाकली आणि स्वतःच्या पगारातून तीन रोल घेतले. एका रोलमध्ये छत्तीस फोटो, म्हणजे सगळे मिळून एकशे आठ. आज आपण एका वाढदिवसाला मोबाइलवर एवढे काढतो आणि अर्धे पुसतो. तेव्हा पुसणं नव्हतं, आणि काय आलंय ते रोल धुतल्याशिवाय कळत नव्हतं. दोन दिवसांच्या लग्नाला एकशे आठ म्हणजे कशाला किती द्यायचे, याचा हिशोब आधी करावा लागतो. त्याने तो वहीच्या मागच्या पानावर केला होता: हळदीला वीस, विधींना चाळीस, पाठवणीला दहा, उरलेले पाहुण्यांचे गटाने. गटाचे फोटो तो मनापासून काढत नसे. पण मामा, आत्या, चुलते यांचे फोटो नसले तर पुढची दहा वर्षं ऐकून घ्यावं लागतं, हे त्याला मालकाच्या मागे उभं राहून कळलेलं होतं.

आदल्या दिवशी दुपारी तो एसटीने आला. घरात घाणा भरायचा चालला होता. जात्याला आंब्याची पानं बांधलेली, बायका ओव्या म्हणत हळद दळत होत्या, आणि जात्याच्या खुंट्याला हात होता आमच्या आजीचा. आमची आजी तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. मधल्या सुट्टीत आमच्याकडे पाणी प्यायला यायचात तेव्हा आधी नाव विचारायची, मग गाव, मग पाणी. तिचं माहेर मुळशी धरणात गेलं. सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला 1921 साली, तेव्हा ती लहान पोर होती. सत्याग्रह मोडला, धरण झालं, तिचं गाव पाण्याखाली गेलं, ते पाणी भिऱ्याला उतरलं आणि त्यावर मुंबईत दिवे लागले. आजीकडे माहेरची एकच वस्तू होती आणि ती म्हणजे हे जातं. तिच्या बापाने ते गाडीत घालून आणलं होतं.

याने कॅमेरा बाहेर काढला तशी आजी थांबली. फोटो काढला की माणसाचं आयुष्य कमी होतं, असं तिचं ठाम मत होतं. तिने सांगितलं, "माझा फोटू काढू नगंस, लेकरा." हा म्हणाला, "नाही काढणार, आजी." "शब्द?" "शब्द." मग जरा वेळाने तिलाच वाईट वाटलं असावं. ती म्हणाली, "हातांचा काढ मंग. हात काय, समद्यांचं सारखंच."

तो फोटो या स्मरणिकेत छापला आहे, तुम्ही बघाल. खोलीला एकच खिडकी, तीही लहान. फ्लॅश मारला असता तर हळदीची पिवळी धूळ समोरच पांढरी चमकली असती आणि भिंतीवर काळी सावली पडली असती. म्हणून त्याने फ्लॅश बंद ठेवला, भिंग पूर्ण उघडलं, कोपर गुडघ्यावर टेकवलं आणि श्वास रोखून संथ वेगावर बटण दाबलं. त्यामुळे खुंटा स्थिर आहे, मनगटं स्थिर आहेत आणि फिरणाऱ्या तळीची कड मात्र पुसट झाली आहे. फोटोकडे बघितलं की जातं फिरतंय असं वाटतं. आजीच्या उजव्या अंगठ्यावर विळ्याचा जुना व्रण होता, तोही दिसतो. सगळ्यांचे हात सारखे असतात म्हणे!

दुसऱ्या दिवशीची गंमत मला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी कळली. आमचे दाजी मारुतीच्या देवळापासून घोड्यावर बसून वाजतगाजत आले. हा पुढे उलटा चालत फोटो काढत होता, मी स्वतः पाहिलंय. अल्बममध्ये मात्र घोडा नाही. दाजींनी कित्येकदा विचारलं, आम्ही म्हणायचो, रोल संपला असेल. खरं झालं होतं असं. पहिला रोल संपला आणि याने गर्दीत घाईने दुसरा भरला. रोलचं टोक आतल्या चकतीच्या खाचेत अडकवावं लागतं. ते नीट अडकलं नाही तर खटका ओढला जातो, बटण दाबलं जातं, वर आकडाही पुढे सरकतो, फक्त आत फिल्म जागची हलत नाही. बाहेरून ओळखायची एकच खूण. खटका ओढताना डाव्या हाताची, रोल परत गुंडाळायची कळ आपोआप फिरायला हवी. ती फिरत नसेल तर तुम्ही हवेचे फोटो काढताय. याने पाच-सहा फोटो काढल्यावर त्या कळीकडे पाहिलं आणि ती ढिम्म होती.

आता मुहूर्ताला दहा मिनिटं. हा घरात पळाला, माळ्याच्या जिन्याखाली घोंगडी डोक्यावर घेऊन बसला, तिथे त्याने कॅमेरा उघडला आणि रोल पुन्हा भरला. आमची आत्या समोरून गेली. तिला वाटलं पोराला थंडी वाजतेय, मे महिन्यात! तिने त्याला विचारलंसुद्धा, ताप आहे का म्हणून. नशीब एवढंच की फिल्म हललीच नव्हती, त्यामुळे पुढची सगळी कोरी होती. घोडा गेला, बाकी वाचलं. हा कुणालाही काही बोलला नाही. फुकट काम करणाऱ्याने चूक कबूल केली असती तर त्याला कोण काय म्हणणार होतं? पण त्याचं म्हणणं, आहेर फाटका निघाला तर तो सांगायचा नसतो.

मुहूर्त दुपारचा होता. मांडवाचं कापड लाल-पिवळं. आपण खाली बसतो तेव्हा ते जाणवत नाही, पण वरून ऊन पडलं की त्या कापडाचा रंग सगळ्यांच्या तोंडावर उतरतो. तसेच फोटो काढले तर नवरी काविळीची दिसते. त्यावर उपाय म्हणजे फ्लॅशचा पांढरा उजेड जवळून मारायचा, म्हणजे निदान चेहऱ्यावरचा रंग खरा येतो. त्याच्या फ्लॅशचा हिशोब ठरलेला होता, साडेतीन मीटरवर उभं राहायचं आणि भिंगाचा आकडा आठवर ठेवायचा. भटजींच्या मागे जागा नव्हती म्हणून त्याने आचाऱ्याकडून एक उलटं पातेलं आणून त्यावर उभं राहायची सोय केली. तुम्ही हसताय, पण अंतरपाटाच्या वरून दोघांचे चेहरे एकत्र दिसतात ते त्या पातेल्यामुळे.

फ्लॅशचं दुसरं गणित जास्त अवघड. एकदा चमकला की तो पुन्हा भरायला वेळ घेतो. बॅटऱ्या ताज्या असतील तर थोडा, दमलेल्या असतील तर पंधरा-वीस सेकंद. बारीक शिट्टीसारखा आवाज येतो आणि लाल दिवा लागेपर्यंत थांबावं लागतं. म्हणजे शेवटच्या 'सावधान'ला अंतरपाट खाली जातो, अक्षता उडतात, वाजंत्री सुरू होते, या सगळ्याला तुमच्याकडे एकच फोटो असतो. लवकर काढला तर मध्ये कापड, उशिरा काढला तर दोघांच्या माना हारात. त्यामुळे शेवटच्या दोन मंगलाष्टकांना त्याने एकही फोटो काढला नाही. मामा खालून ओरडत होते, "अरे काढ की!" हा पातेल्यावर पुतळ्यासारखा उभा होता.

तो एक फोटो आमच्या ताईच्या घरात आजही दर्शनी भिंतीवर आहे. अंतरपाट ताईच्या हनुवटीइतका खाली आलाय, तांदूळ हवेत ठिपके-ठिपके थांबलेत, आणि ताई दाजींकडे न बघता उजवीकडे बघतेय. ती कुणाकडे बघतेय ते फोटोत नाही. वडील तिथे उभे होते.

लाजाहोमाचा फोटो माझा लाडका. नवरीच्या ओंजळीत लाह्या घालतो तो भाऊ, म्हणजे मी. होमाचा धूर खूप होता. धुरात फ्लॅश मारला की सगळं पांढरं भगभगीत होतं, कारण उजेड माणसांपर्यंत पोचायच्या आधी धुरावरून परत येतो. इथे त्याने पुन्हा फ्लॅश बंद केला. मांडवाच्या कापडाला एक फाटकं भोक होतं, त्यातून उन्हाची तिरीप धुरात उतरली होती. ती ताईच्या ओंजळीवर येईपर्यंत तो थांबला. चेहरे पिवळट आहेत, ते त्याने चालवून घेतलं. ओंजळीतल्या लाह्या मात्र मोजता येतात. सर, सूचिछिद्रातून आत येणारा उजेड तो तेव्हापासून बघत आलाय, असं मला तो फोटो पाहिला की वाटतं.

आता जे बोलायला मी खरा उभा राहिलो ते सांगतो.

लग्नानंतर तीन वर्षांनी आजी गेली. दहाव्याला हार घालायला फोटो हवा होता. फोटो नाही. आम्ही पाटावर तिचं जातं ठेवलं आणि त्याला हार घातला. मला ते फार लागलं. मी पुण्याला याच्या स्टुडिओत गेलो आणि गिऱ्हाइकांसमोर याला नको ते बोललो. म्हटलं, एवढे एकशे आठ काढलेस, दोन दिवस म्हातारी तुझ्या पुढ्यात होती, एक चोरून काढला असतास तर काय बिघडलं असतं? आज तिचा चेहरा माझ्या पोरांना कसा दाखवू? हा काही बोलला नाही. फक्त एवढंच म्हणाला, "निगेटिव्ह नीट ठेवल्यात ना? दमट जागी ठेवू नकोस, आपल्याकडे बुरशी येते." मला वाटलं, मी मेलेल्या माणसाचं बोलतोय आणि हा धंद्याचं बोलतोय. मी निघून आलो. त्यानंतर आमचं बोलणं कमी झालं. भांडण नाही, पण कमी झालं. तुमच्यापैकी काहींनी ते ओळखलं होतं.

इथे एक सांगितलं पाहिजे. त्या काळी लग्नाचे फोटो काढणारे बहुतेक जण निगेटिव्ह स्वतःकडे ठेवत. प्रती वाढवून हव्या असल्या की गिऱ्हाईक परत यावं म्हणून. याने अल्बमबरोबर तिन्ही रोलच्या निगेटिव्ह बटर पेपरच्या पाकिटात घालून दिल्या होत्या. मी त्या ट्रंकेत तांदळाच्या पुरचुंडीशेजारी ठेवल्या आणि विसरलो.

मागच्या दिवाळीत स्मरणिका समितीने जुने फोटो मागितले. मी पाकीट काढून पट्ट्या स्कॅन करायला दिल्या. दुकानातल्या पोराने पेन ड्राइव्ह दिला आणि म्हणाला, "काका, एकशे आठ आलेत." अल्बममध्ये एकशे सात आहेत, हे मला पाठ आहे, कारण माझ्या मुलीने लहानपणी प्रत्येकाखाली आकडा घातलाय. मी घरी बसून एकेक जुळवत गेलो. दुसऱ्या रोलमध्ये अंतरपाटाच्या फोटोच्या लगेच पुढचा फोटो अल्बममध्ये नव्हता.

तो फ्लॅशशिवायचा आहे, अंधुक, दाणेदार. फ्लॅश भरला नव्हता. मांडवाचा मागचा खांब आहे, आणि खांबाला धरून आजी उभी आहे. पदर डोक्यावरून घसरलाय, उजवा हात अक्षता टाकून वर राहिलाय, आणि ती हसतेय. आजीला दात नव्हते म्हणून ती तोंडाला पदर लावून हसायची. इथे पदर नाही.

मी याला फोन केला. बराच वेळ दोघंही गप्प. मग याने सांगितलं. अंतरपाटाचा फोटो झाला, हा पातेल्यावरच वळला, समोर आजी दिसली आणि बोट दाबलं गेलं. दाबल्यावर शब्द आठवला. लॅबमधून प्रती आल्या तेव्हा त्याने ती प्रत तिथेच फाडली. मी विचारलं, मग निगेटिव्ह का नाही कापलीस? तो म्हणाला, "कापायला घेतली होती. कात्री लावली नाही." मग आजी गेल्यावर मी शिव्या देत होतो तेव्हा का नाही बोललास? त्यावर तो म्हणाला, "शब्द तिने मला मागितला होता, तुला नाही. ती गेल्यावर तो संपतो की राहतो, हे मला काही ठरवता आलं नाही. म्हटलं, निगेटिव्ह तुमच्या घरात आहेत. तुम्ही शोधलंत तर ते तुमचं."

सत्तावीस वर्षं हा माझा राग घेऊन बसला होता. एका वाक्यात तो राग त्याला उतरवता आला असता.

मी तो फोटो ताईकडे नेला. ताईने तो कितीतरी वेळ हातात धरला. मी म्हटलं, मोठा करून चौकटीत बसवतो. ती म्हणाली, "भिंतीवर नको. आजीला विचारलेलं नाही." तिने तो कपाटात लग्नाच्या शालूच्या घडीत ठेवला आहे. मुलांना, नातवंडांना ती उघडून दाखवते आणि परत घडी घालते. स्मरणिकेसाठीही मी हातांचाच फोटो दिला, कारण तेवढ्याला आजीची परवानगी होती.

या सगळ्या फोटोंत हा स्वतः कुठेच नाही. पंगतीत नाही, गटात नाही. जेवला तोही सगळ्यांत शेवटी, आचाऱ्यांबरोबर. एक अपवाद आहे. पाठवणीच्या वेळी ऊन उतरलं होतं, ढग भरून आले होते, वळवाचा वारा सुटला होता. ताई आईच्या गळ्यात पडलीय त्या फोटोत, खाली मातीवर, मावळतीच्या उन्हात लांबलेली एक सावली आहे. दोन्ही कोपरं वर केलेली, मध्ये डोकं. मालक म्हणाले होते म्हणे, सावली फ्रेममध्ये आली, फोटो बिघडला. आमच्याकडे तो बिघडलेला फोटो मोठा करून लावला आहे.

तर मित्रा, आहेर पोचला. पोच द्यायला तीस वर्षं लागली आणि मध्ये मी तुला तुझ्याच दुकानात नको ते बोललो, त्याची माफी मी तुझ्याकडे याच सगळ्यांसमोर मागतो. तेव्हा बोललो तेही लोकांसमोरच बोललो होतो.

आणि जेवणाच्या सुट्टीत दाजी इथे येणार आहेत. त्या घोड्याचं काय झालं, ते त्यांना तूच सांग. ते अजून विचारतात.